खान्देशात पावसाळ्यात विहिरीभोवती, परसबागेत जळवा: चावली तर काय करायचं आणि पायवाट कशी मोकळी ठेवायची

प्रश्न: "आमचं गाव रावेर तालुक्यात. घरामागे विहीर, शेजारी गुरांची हाळ आणि थोडी परसबाग आहे. आषाढ लागला की विहिरीकडच्या वाटेवर जळवा निघतात. मुलाच्या पायाला लागली, सासूबाईंनी मीठ टाकलं, पण रक्त दोन-तीन तास थांबलं नाही. हे धोक्याचं आहे का? वाटेवर मीठ किंवा चुना टाकला तर चालेल का?"

ताई, मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, धुळे जिल्ह्यात खेड्यात प्रॅक्टिस करतो आणि उपचारासाठी पेशंटला जळवा लावतो, त्यामुळे जळू कशी चिकटते, कधी सुटते, मागे जखम कशी राहते हे माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे. मुलाचं आधी सांगतो. दोन-तीन तास रक्त झिरपणं जळवेच्या चाव्यात नेहमीचं आहे, तेवढ्यावरून घाबरू नका. पण वाटेचं जे विचारलंत त्यात माझं मत थोडं वेगळं आहे, तुमचा प्रॉब्लेम वाटेवर नाहीच, तो हाळेपाशी आहे.

कसं ते बघा. नेटवर जळवांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक सह्याद्रीतल्या, कोकणातल्या ओल्या जंगलातल्या जळवांबद्दल असतं. त्या जमिनीवरच्या, बारीक, गवताच्या पात्यावर उभ्या राहून माणसाची वाट बघणाऱ्या. आपल्या जळगाव-धुळ्याकडे वर्षाचा पाऊस ५०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास, आठ महिने जमीन कोरडी ठणठणीत, अशा जागी गावातल्या विहिरीपाशी जी सापडते ती जवळपास नेहमी पाण्यातली जळू असते, गुरांच्या रक्तावर जगणारी. बोटाएवढी लांब होते, पाठ हिरवट-तपकिरी असते, आणि ती डबकं, नाला, हाळ, पाटचारी अशा साचलेल्या किंवा संथ पाण्यात राहते. उन्हाळ्यात पाणी आटलं की ओल्या चिखलात खोल जाऊन पडून राहते, कित्येक महिने काही न खाता राहू शकते. कोश घालते तेही पाण्याच्या काठच्या ओल्या मातीतच. मग मृगाचा-आर्द्रेचा पाऊस झाला की हे सगळं एकदम वर येतं आणि आपल्याला वाटतं पावसाबरोबर जळवा पडल्या. त्या तिथंच होत्या, उपाशी होत्या.

म्हणजे वाटेवर जी दिसते ती हाळेतून किंवा नालीतून ओल्या गवतातून सरकत आलेली असते. काळी माती पाणी धरून ठेवते, वरचा थर दिवसेंदिवस ओला राहतो, आणि ओल असेल तितकं अंतर ती चालते. कोरड्या खरखरीत जागेवर तिची कातडी सुकते, तिथे ती टिकत नाही.

त्याआधी एक खात्री करून घ्या. परसबागेत पावसाळ्यात कवच नसलेल्या गोगलगायी भरपूर असतात, अळूच्या पानाखाली, कुंडीच्या बुडाशी, आणि माझ्याकडे फोटो पाठवणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या फोटोत तीच असते. तिला डोक्यावर शिंगं असतात, मागे चिकट चकाकता पट्टा सोडते, पोटावर सलग सरपटते, आणि चावत नाही. जळवेला शिंगं नसतात, दोन्ही टोकांना चिकटायची वाटी असते, पुढचं टोक बारीक आणि मागचं जाड, आणि जमिनीवर ती पुढचं टोक टेकवून मागचं जवळ ओढते, कमान करत करत चालते. बागेत फक्त गोगलगायी असतील तर खाली सांगितलेली अर्धी मेहनत वाचेल.

आता चाव्याचं, कारण मीठ टाकण्याबद्दल मला सविस्तर बोलायचंय.

जळवेला तीन जबडे असतात, त्यामुळे चाव्याची खूण तीन रेघा एका बिंदूत मिळाल्यासारखी दिसते. चावताना ती लाळेतून रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते, हिरुडिन म्हणतात त्याला, आणि बधिरपणाही येतो म्हणून चावलेलं कळत नाही. पोट भरलं की ती आपोआप सुटते, साधारण वीस मिनिटं ते तासभर. ती सुटली तरी लाळ जखमेत असते म्हणून रक्त झिरपत राहतं, बहुतेकदा काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. माझ्याकडे जलौका लावलेला पेशंट संध्याकाळी फोन करतो, "डॉक्टर, रगत थांबी नई राह्यनं," तेव्हा मी विचारतो की धार लागलीय की नुसती पट्टी भिजतेय. पट्टी भिजत असेल तर तिच्यावरच आणखी एक थर बांधायला सांगतो. कपडा लाल दिसतो म्हणून रक्त खूप वाटतं, प्रत्यक्षात एका जळवेच्या चाव्यात निरोगी माणसाचं जे जातं ते थोडंच असतं.

मीठ, तंबाखूचा चुना, रॉकेल, पेटती काडी, हे टाकल्यावर जळू सुटते हे खरंय. पण सुटताना ती आकसते आणि पोटातलं जखमेत उलटून टाकू शकते. तिच्या पोटात एरोमोनास नावाचे जंतू कायम राहतात, रक्त पचवायला तिला ते लागतात, आपल्या जखमेत मात्र तेच पू करतात. लोकांनी हे मीठ-हळदीचं कुठं तरी वैद्याकडेच पाहिलेलं असतं म्हणून स्पष्ट सांगतो. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात जळवांचं सगळं प्रकरण आहे, बारा प्रकार, त्यातल्या सहा विषारी आणि सहा बिनविषारी, आणि न सुटणाऱ्या जळवेच्या तोंडाशी सैंधव टाकायचंही लिहिलंय. पण तिथे जळू निवडून, स्वच्छ पाण्यात ठेवून, पाणी बदलत सांभाळलेली असते आणि समोर वैद्य बसलेला असतो. मी स्वतः ती आपोआप सुटेपर्यंत थांबतो, अगदीच अडली तर तोंडाजवळ चिमूटभर हळद. तुमच्या हाळेतली जळू म्हशीच्या पायाला लागून, शेणाच्या पाण्यातून आलेली असते, तिला ओकायला लावू नका.

घरी असं करायचं. मुलाला बसवायचं, पाय हलू द्यायचा नाही, आणि जळवेचं बारीक टोक शोधायचं, तेच तोंड. जाड टोक नुसतं धरून ठेवायचं काम करतं, पुष्कळ जण तेच ओढत बसतात. बारीक टोकाजवळची कातडी एका हाताने थोडी ताणायची आणि दुसऱ्या हाताचं नख किंवा एटीएम कार्डाची कड कातडीला टेकवून आडवी सरकवायची, वर उचलायची नाही. वाटी सुटली की लगेच जाड टोकाखालीही तसंच नख घालून तिला झटकायचं, नाही तर ती बोटाला धरते. सरळ खेचू नये, जखम फाटते.

मग साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवायचं, वर स्वच्छ सुती कापडाची घडी ठेवून तळहाताने दाबून धरायचं, दहा-पंधरा मिनिटं, मध्ये उचलून "थांबलं का" बघायचं नाही कारण प्रत्येक वेळी बसू लागलेली गाठ निघते. पाय उशीवर उंच ठेवायचा, नंतर पट्टी. जखमेत तपकीर, चहापावडर, माती, स्वयंपाकघरातली हळद काही भरू नका. पुढचे काही दिवस खाज सुटते, ती बरी होण्यातलीच आहे, पण मूल खाजवतं आणि नखाने जखम चिघळते, म्हणून नखं कापून ठेवा आणि पट्टी राहू द्या. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या पाचेक वर्षांत झालेलं नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या, कारण ही चिखलातली जखम आहे.

डॉक्टरकडे कधी जायचं हे माणसावर अवलंबून आहे. घरात कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल, अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, किंवा रक्त न गोठण्याचा आजार असेल, तर वाट बघत बसू नका. आपल्याकडे सातपुड्याच्या बाजूला, नंदुरबारकडे सिकलसेल पुष्कळ आहे, अशा मुलाचं आधीच रक्त कमी असतं, त्याचंही दाखवून घ्या. बाकीच्यांनी धार लागली, चोवीस तासांनंतरही झिरपतंय, दोन-तीन दिवसांनी भोवती लाली पसरतेय, पाय गरम आणि सुजलाय, पू किंवा ताप आला, तर जायचं. मुलाच्या बाबतीत सासूबाईंनी मीठ टाकलंच आहे, तेव्हा पुढचे चार दिवस ती जागा रोज एकदा उजेडात बघा.

आणि ताई, हे सगळ्यात महत्त्वाचं. जळू डोळ्यांनी पाहिली असेल तरच जळू समजा. पावसाळ्यात विहिरीच्या काठाला साप असतात, घोणस चावली तरी रक्त थांबत नाही, मण्यार चावली तर दुखतही नाही. नुसतं रक्त दिसतंय, जळू दिसली नाही, आणि दोन टोचलेले ठिपके आहेत, सूज वाढतेय, दुखतंय, पापण्या जड होतायत, उलटी होतेय, किंवा काहीच नक्की कळत नाहीये, तर घरगुती काही न करता थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. जळवेच्या चाव्यात बहुतेक दुखत नाही, पाय भराभर सुजत नाही, आणि खूण एकच असते. पण शंका असेल तर सापच धरून चालायचं.

विहिरीचं पाणी न गाळता पीत असाल किंवा मुलं नाल्याला तोंड लावून पाणी पितात, तर बारीक जळू नाकात-घशात जाऊन राहू शकते. मुलाच्या एकाच नाकपुडीतून परत परत रक्त येतंय, थुंकीत रक्त दिसतंय, आत काही वळवळतंय म्हणतो, तर चिमट्याने ओढू नका, नाकात मिठाचं पाणी घालू नका, कान-नाक-घसा डॉक्टरकडे न्या. पाणी चारपदरी कापडाने गाळून उकळून घ्या. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकता तो डोस, चांगल्या पावडरीचा १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम, जंतूंसाठी असतो, तेवढ्याने जळू मरेल अशी अपेक्षा ठेवू नका आणि जळवेसाठी म्हणून डोस वाढवूही नका. मोरचूद तर प्यायच्या विहिरीत अजिबात नको.

आता वाट. शिरपूरकडच्या एका घराचं सांगतो, माझे पेशंटच, तुमच्यासारखीच मांडणी होती. मागच्या दारापासून विहिरीपर्यंत साठेक फूट पायवाट, दोन्हीकडे गुडघ्याएवढं गवत, विहिरीला लागून हाळ, हाळेच्या कोपऱ्याला चीर, आणि तिथलं पाणी वाटेच्या कडेकडेने घराकडे उतरायचं. म्हशी हाळेशीच उभ्या राहायच्या. त्या वर्षी घरातल्या तिघांना आळीपाळीने जळवा लागल्या. त्यांनी वाटेवर मिठाची गोणी फिरवली होती. पहिल्या दिवशी बरं वाटलं, रात्री पाऊस झाला, मीठ विरघळून कडेच्या कढीपत्त्याच्या आणि मोगऱ्याच्या मुळाशी गेलं, झाडं करपली आणि जळवा परत. चुन्याचं तसंच, एका पावसात त्याचा जोर जातो, आणि कळीचा चुना ओल्या पायाला, मुलांच्या डोळ्याला भाजतो. शिवाय विहिरीभोवती जे टाकाल ते शेवटी विहिरीत उतरणार.

मी त्यांना म्हटलं, आधी जळू कुठून येते ते बघू. त्यासाठी ओली केलेली गोणपाटं संध्याकाळी वाटेच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर अंथरायची आणि सकाळी काठीने उलटून खाली बघायचं. दिवसा जळवेला अशी ओली अंधारी जागा आवडते. हाळेजवळच्या गोणपाटाखाली सगळ्यात जास्त, घराकडे येताना कमी कमी, म्हणजे उगम हाळच. तुमच्याकडे कदाचित मागचा नाला असेल किंवा बागेतली चारी असेल, म्हणून ही तपासणी करूनच पैसे खर्च करा.

मग कामं झाली ती अशी. हाळेची चीर सिमेंटने बुजवली. हाळ पूर्ण रिकामी करून तळाचा गाळ काढून उन्हात पसरवला, आणि पुढे आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, वाळवायची सवय लावली. विहिरीभोवती तीन-साडेतीन फूट रुंद सिमेंटचा ओटा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार, आणि सांडणारं पाणी तिथेच न मुरवता पाईपने लांब नेलं, वाटेच्या उलट दिशेला, विहिरीपासून पन्नास फुटांपलीकडे. तिथे शोषखड्डा. काळ्या मातीत तीन फुटांचा खड्डा केला तर तो पाणी शोषत नाही, हौद होतो, आणि जळवांना आणखी एक घर मिळतं. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, त्यांना साडेचार फुटांवर लागला, कुठे सहा-सात फुटांवर लागतो, कुठे लागतच नाही, मग शोषखड्ड्याचा नाद सोडून पाणी केळीला किंवा नारळाला पसरवून द्यायचं. खड्ड्यात खाली मोठे दगड, वर लहान, सगळ्यात वर खडी. एक बादली ओतली आणि तासाभराने वर पाणी दिसतंय, तर खड्डा काम करत नाही.

वाटेवर सहा इंच मुरूम दाबून वर खडीचा पातळ थर, मधे थोडा उंच आणि कडेला उतरता, म्हणजे पाऊस थांबला की तासाभरात वरचा भाग कोरडा होतो. दोन्ही बाजूंचं गवत दोन-तीन फुटांपर्यंत मुळाशी कापलं आणि कापलेलं तिथंच टाकलं नाही, कुजकं गवत म्हणजे परत ओल. परसबागेतलं आच्छादनही वाटेपासून तेवढंच लांब सरकवलं. म्हशींना पाणी हाळेवर, पण बांधायची जागा लांब केली, कारण म्हैस रोज तिथेच उभी राहिली की जळवेला जेवण घरपोच मिळतं. गुरांच्या पायात, कासेला, नाकपुडीत बघत जा, नाकातून रक्त आलं तर गुरांच्या डॉक्टरला बोलवा.

हाळेत आणि डबक्यात उरलेल्या जळवा त्यांनी धरल्या. पत्र्याच्या डब्याला पेनएवढी भोकं पाडून आत कच्च्या मटणाचा किंवा काळजाचा तुकडा, डबा दोरीने रात्रभर पाण्यात, सकाळी हळूच वर काढायचा. सुश्रुतांनीही जळवा धरायला ओलं चामडंच सांगितलंय, तत्त्व तेच. धरलेल्या जळवा बादलीतल्या कडक मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मिठाचा उपयोग तिथे, जमिनीवर नाही. प्यायच्या विहिरीत मात्र मांस सोडू नका, हे हाळेपुरतं आणि डबक्यापुरतंच.

साधारण तीन आठवड्यांनी गोणपाटं परत अंथरली तेव्हा घराजवळच्या एकाही खाली काही नव्हतं, हाळेजवळ एखाद-दुसरी. झड लागली, नाला काठाबाहेर आला की त्यांच्याकडे आजही एखादी येते, पूर्ण बंद होत नाही आणि तसं आश्वासन मी देणार नाही. त्या दिवसांत पहाटे आणि तिन्हीसांजेला विहिरीवर जाताना गमबूट घालायचे, आणि घरात शिरण्याआधी बोटांच्या बेचक्यात, घोट्याच्या मागे, पोटरीवर बघायचं.

तुमच्याकडे आता पाऊस सुरू आहे, खोदकाम आत्ता होणार नाही, खड्डा ढासळेल. आत्ता गोणपाटाची तपासणी, हाळ रिकामी करून घासणं, चीर बुजवणं, गवत काढणं आणि एक ट्रॉली मुरूम वाटेवर टाकणं एवढं होतं, आणि त्यानेच बराच फरक दिसेल. ओटा आणि शोषखड्डा आखाजीनंतर, जमीन तडकलेली असताना करा, तेव्हा मुरूम किती खोल आहे तेही नीट कळतं. गोणपाटाखाली काय सापडलं आणि हाळेपासून मागचा नाला किती लांब आहे ते कळवा. नाला जवळ असेल तर वाटेची दिशाच बदलावी लागेल, ते मी त्यावरून सांगतो.